गन थांबल्यानंतरची हवा : टू-के रंगफवारणी, आयसोसायनेट आणि पेंटरचा श्वास

अपघातात चेपलेल्या गाडीच्या पत्र्यावर डेंटिंग, पुट्टी आणि प्रायमर झाल्यावर शेवटी जो चकचकीत पारदर्शक थर चढवला जातो, तो क्लिअर कोट आज बहुतेक गॅरेजांत दोन डब्यांतून येतो. एका डब्यात ॲक्रिलिक राळ असते, जिच्या रेणूंना जागोजागी हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात, आणि दुसऱ्या, लहान डब्यात हार्डनर असतो, ज्यातील रेणूंच्या टोकांना नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन यांचा अत्यंत क्रियाशील असा -N=C=O हा गट असतो. या गटालाच आयसोसायनेट म्हणतात. दोन्ही डबे मिसळले की हे गट एकमेकांशी बांधले जाऊन पॉलियुरेथेनचे जाळे तयार होते आणि पेट्रोल, ऊन व ओरखडे सोसणारा कठीण थर मिळतो. ओटो बायर यांनी जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे १९३७ मध्ये शोधून काढलेल्या या रसायनक्रियेवर पेंटरांच्या बोलीतला ‘टू-के’ किंवा ‘पीयू’ रंग आधारलेला आहे. जी क्रियाशीलता रंगाला टणक करते तीच माणसाच्या श्वासनलिकेतही काम करते, कारण तेथील प्रथिनांवरही आयसोसायनेटशी जोडले जाणारे गट असतात, आणि अशी जोडलेली प्रथिने शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला परकी वाटू लागतात.

गाडीच्या रंगात वापरले जाणारे आयसोसायनेट मुख्यतः हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट, म्हणजे एचडीआय, या रेणूपासून बनवलेले असते. सुटा एचडीआय बाष्परूपाने हवेत जातो आणि तो घातक आहे हे रंग-उद्योगाला लवकर कळले, म्हणून हार्डनर बनवताना त्याचे तीन-तीन रेणू एकत्र जोडून जड रेणू तयार केले जातात आणि सुट्या एचडीआयचे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेवले जाते. या जड, जोडरेणूंची वाफ जवळजवळ होत नाही. त्यामुळे डबा उघडा राहिला किंवा रंग ब्रशने लावला तर धोका तुलनेने कमी असतो, आणि याच कारणाने सुरक्षापत्रकावरचा ‘अर्ध्या टक्क्याहून कमी’ हा आकडा वाचून अनेकांचा समज होतो की हा रंग निरुपद्रवी आहे. फवारणीची गन हा हिशेब उलटा करते. गन द्रव फोडून त्याचे सूक्ष्म थेंब करते, आणि जो जड रेणू कधीच वाफ होऊन नाकापर्यंत पोहोचला नसता तो थेंबावर बसून थेट फुप्फुसात जातो. दमा घडवण्याची क्षमता या जोडरेणूंमध्येही असते. म्हणून हवेची तपासणी करताना ब्रिटनमध्ये फक्त सुटा एचडीआय न मोजता हवेतील सर्व आयसोसायनेट गटांचे एकूण वजन मोजले जाते.

भारतीय वाचकाला आयसोसायनेट हा शब्द १९८४ च्या भोपाळमुळे ठाऊक असतो, आणि त्या आठवणीने येथे दोन प्रकारे गैरसमज होऊ शकतो. भोपाळमध्ये सुटलेला मिथिल आयसोसायनेट हा सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळणारा, एकाच आयसोसायनेट गटाचा लहान रेणू होता आणि त्याने एका रात्रीत प्रचंड मात्रेने फुप्फुसे जाळली. गॅरेजमधला हार्डनर तसा वायू सोडत नाही आणि पॉलियुरेथेनमध्ये मिथिल आयसोसायनेट नसतो, त्यामुळे ती भीती येथे अस्थानी आहे. पण त्यावरून निश्चिंत होणेही चूक आहे, कारण येथे अपाय होतो तो एका मोठ्या मात्रेने नव्हे, तर लहान लहान मात्रा वारंवार घेतल्याने, आणि मुख्यतः ॲलर्जीच्या वाटेने.

आयसोसायनेटमुळे होणाऱ्या दम्याची पहिली नोंद फ्रान्समध्ये १९५१ साली झाली. त्यानंतरच्या सात दशकांत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या व्यावसायिक रोगांपैकी हा एक ठरला असून, ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाच्या म्हणण्यानुसार वाहनांवर फवारणी करणाऱ्या पेंटरला दमा होण्याची शक्यता सामान्य कामगारापेक्षा सुमारे ८० पट असते. रोग दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात, जो काही आठवड्यांचा किंवा कित्येक वर्षांचाही असू शकतो, पेंटरला काहीच जाणवत नाही, पण त्याची प्रतिकारयंत्रणा त्या रेणूची ओळख धरू लागते. याला संवेदन असे म्हणता येईल. दुसऱ्या टप्प्यात तीच हवा, किंबहुना पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ हवा, छाती आवळण्यास पुरेशी ठरते. त्रास अनेकदा काम चालू असताना होतच नाही. फवारणीनंतर चार ते आठ तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री झोपेत खोकला आणि घरघर सुरू होते, त्यामुळे रोगी आणि डॉक्टर दोघेही दोष घरातील धूळ, हवामान किंवा तंबाखूला देतात. मराठी मुलखात एक खूण चांगली उपयोगी पडते : गणपतीला किंवा शिमग्याला आठ-दहा दिवस गावी गेलेल्या पेंटरचा खोकला तेथे थांबत असेल आणि कामावर परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा उसळत असेल, तर कारण कामाच्या जागी शोधले पाहिजे.

किती आयसोसायनेट हवेत चालेल याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये दर घनमीटर हवेत आठ तासांच्या सरासरीने ०.०२ मिलिग्रॅम आणि कोणत्याही १५ मिनिटांच्या सरासरीने ०.०७ मिलिग्रॅम एवढी आयसोसायनेट गटांची मर्यादा आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने ती बरीच खाली आणून आठ तासांसाठी ०.००६ आणि १५ मिनिटांसाठी ०.०१२ मिलिग्रॅम ठरवली असून २०२८ अखेरपर्यंत अनुक्रमे ०.०१० आणि ०.०२० चा संक्रमणकाळ दिला आहे. मर्यादा कोणतीही धरली तरी एक गोष्ट समान आहे : या पातळीला आयसोसायनेटचा वास येत नाही. रंगकामाच्या शेडमध्ये जो वास येतो तो थिनरचा असतो, आणि थिनरचा वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली हा निष्कर्ष निराधार आहे. डोळ्यांनाही ही हवा स्वच्छच दिसते, कारण जाड थेंब खाली बसल्यावर उरणारे बारीक धुके बूथच्या नेहमीच्या प्रकाशात दिसत नाही. प्रखर दिव्याचा एकच झोत त्यातून पाठीमागून सोडला तरच ते उजळून दिसते.

या अदृश्यतेमुळे बूथचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म त्याचा आकार, रंग किंवा किंमत नसून निर्मलीकरणाचा काळ हा ठरतो, म्हणजे गन थांबल्यापासून आतली हवा मास्कशिवाय श्वास घेण्याजोगी होईपर्यंत लागणारा वेळ. तो समजण्यासाठी एक उदाहरण पूर्ण करून पाहणे योग्य ठरेल. समजा एका बूथची लांबी ७ मीटर, रुंदी ४ मीटर आणि उंची २.८ मीटर आहे, म्हणजे आत सुमारे ७८ घनमीटर हवा मावते. छतातील फिल्टरमधून हवा सर्वत्र सारखी खाली येते आणि जमिनीतील जाळीतून ओढली जाते, तिचा वेग सेकंदाला ०.३ मीटर आहे. छताचे क्षेत्रफळ २८ चौरस मीटर असल्याने दर सेकंदाला ८.४ घनमीटर हवा वाहते आणि बूथभर हवा दर सुमारे सव्वानऊ सेकंदांनी एकदा बदलते. हवा आत नीट मिसळत आहे असे धरले तर एका बदलानंतर धुक्याचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो, दोन बदलांनंतर १४ टक्के, आणि सात बदलांनंतर हजारावा हिस्सा. गन थांबताना हवेत दर घनमीटरला १ मिलिग्रॅम आयसोसायनेट असेल, तर ते ०.००१ वर येण्यास कागदावर ६५ सेकंद लागतात.

प्रत्यक्षात हवा अशी शहाण्यासारखी वागत नाही. गाडीच्या बॉनेटखाली, चाकांच्या मागे आणि कोपऱ्यांत भोवरे होतात, तेथे धुके फिरत राहते. म्हणून वायुवीजनाचे अभियंते कागदावरच्या वेळेला तीन किंवा त्याहून मोठ्या आकड्याने गुणतात. तिप्पट धरली तरी या बूथचा निर्मलीकरणकाळ सव्वातीन मिनिटांच्या आसपास येतो. आता त्याच मापाच्या साध्या खोलीची कल्पना करावी, जिच्या भिंतीत सेकंदाला १ घनमीटर हवा ओढणारा एक एक्झॉस्ट पंखा आहे. येथे एका हवाबदलाला ७८ सेकंद लागतात, सात बदलांना नऊ मिनिटे, आणि तिप्पट केल्यावर २७ मिनिटे. शिवाय अशा खोलीत फवारणी चालू असतानाच धुके अधिक दाट साचलेले असते. ब्रिटिश मार्गदर्शनातही बूथसाठी बहुधा पाच मिनिटांच्या आत आणि साध्या फवारणीखोल्यांसाठी २० मिनिटे किंवा जास्त असाच फरक सांगितलेला आढळतो. गॅरेजमध्ये मात्र दोन्ही ठिकाणी पेंटर गन ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात दार उघडतो.

गणित हा केवळ अंदाज आहे. खरा काळ धुराने मोजावा लागतो. सिनेमाच्या चित्रीकरणात किंवा नाटकात वापरतात तसल्या धूरयंत्राने बूथ पूर्ण भरायचा, पंखे नेहमीच्या फवारणीच्या स्थितीत चालवायचे, आणि शेवटचा दिसणारा धूर, विशेषतः कोपऱ्यातला आणि जमिनीलगतचा, नाहीसा होईपर्यंतची वेळ घड्याळावर पाहायची. तो आकडा दारावर लिहून ठेवायचा, आणि त्याच वेळी बाहेर उभे राहून दाराच्या फटीतून धूर शेडमध्ये येतो का हेही पाहायचे. ही चाचणी करायला धूरयंत्र, घड्याळ आणि अर्धा तास पुरतो, एवढ्या खर्चात इतकी निर्णायक माहिती देणारे दुसरे साधन या क्षेत्रात नाही, आणि तरीही ती सर्वांत कमी केली जाते. ब्रिटनमध्ये अशा वायुवीजनयंत्रणेची तपासणी किमान दर १४ महिन्यांनी करणे कायद्याने बंधनकारक आहे.

बूथ कसा बिघडतो हेही धुराने दिसते. निष्कासनाचे फिल्टर रंगाने भरत गेले की हवेचा प्रवाह हळूहळू घटतो; वरच्या उदाहरणात तो ८.४ वरून ३.४ घनमीटरवर आला तर सव्वातीन मिनिटांचा काळ आठ मिनिटांवर जातो, पण पेंटरला आत फक्त ‘आज ओव्हरस्प्रे जास्त बसतोय’ एवढेच जाणवते. फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाबाचा फरक दाखवणारा साधा मापक बसवला असेल आणि नव्या फिल्टरचा आकडा त्याच्या शेजारी लिहिलेला असेल, तर ही घसरण आधीच पकडता येते. दुसरा बिघाड हेतुपूर्वक केलेला असतो. ताज्या थरावर धूळ बसू नये म्हणून अनेक बूथ बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाबाने चालवले जातात. त्याने रंग स्वच्छ राहतो, पण प्रत्येक फटीतून धुके बाहेर शेडमध्ये, मास्क न घातलेल्या डेंटरकडे आणि मेकॅनिककडे जाते. आरोग्याच्या बाजूने किंचित उणा दाबच योग्य आहे, आणि धुळीचा प्रश्न आत येणारी हवा गाळून सोडवला पाहिजे. तिसरी चूक गन थांबताच लगेच तापवणी सुरू करण्याची आहे, कारण तापवणीत बहुतेक बूथ इंधन वाचवण्यासाठी आतलीच हवा पुन्हा फिरवतात आणि बाहेरची थोडीच घेतात. निर्मलीकरणाचा काळ पूर्ण होण्याआधी असे केले तर उरलेले धुके आतच फिरत राहते.

बूथ कितीही चांगला असला तरी तो पेंटरच्या नाकासमोरची हवा स्वच्छ ठेवू शकत नाही, कारण पेंटर धुक्याच्या उगमापासून हातभर अंतरावर उभा असतो. बूथ शेजाऱ्यांना वाचवतो आणि फवारणीनंतरचा काळ आखूड करतो. फवारणीच्या वेळी पेंटरला वाचवतो तो श्वसनमास्क. येथे पर्याय दोन. पहिल्यात बाहेरून नळीने स्वच्छ हवा चेहऱ्यासमोर सोडली जाते, मग ती अर्ध्या मास्कमध्ये असो वा डोक्यावर बसणाऱ्या पारदर्शक व्हायझरमध्ये. दुसऱ्यात आजूबाजूचीच हवा कोळशाच्या कार्ट्रिजमधून आणि कणफिल्टरमधून गाळून घेतली जाते. ब्रिटिश आणि अमेरिकी आरोग्यसंस्थांचा कल स्पष्टपणे पहिल्याकडे आहे, आणि त्यामागचे कारण वास न येण्यात आहे : इतर द्रावकांच्या बाबतीत कार्ट्रिज संपत आला की नाकाला वास लागतो आणि माणूस सावध होतो, आयसोसायनेटच्या बाबतीत ती सूचना मिळतच नाही. दुसऱ्या बाजूला, येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कनेक्टिकटमधील गॅरेजांत केलेल्या मोजमापांत असे दिसले की चेहऱ्याला नीट बसलेला, रंगासाठीचा पूर्व-फिल्टर आणि वेळच्या वेळी बदललेली कार्ट्रिजे असलेला अर्धा मास्कसुद्धा आयसोसायनेट बऱ्याच प्रमाणात अडवतो. हा निष्कर्ष लहान गॅरेजांसाठी महत्त्वाचा आहे, पण त्यातल्या अटी सहजासहजी पाळल्या जात नाहीत. दाढीचे दोन दिवसांचे खुंट मास्कची कड चेहऱ्यापासून उचलतात, फिट चाचणी कोणी केलेली नसते, आणि कार्ट्रिज बदलण्याची तारीख कोठेही लिहिलेली नसते. कापडी रुमाल, सर्जिकल मास्क किंवा फक्त धुळीचा मास्क यांची गणना संरक्षणात करताच येत नाही.

हवा-पुरवठ्याच्या व्हायझरला ब्रिटिश मार्गदर्शनात किमान २० चा संरक्षणगुणक अपेक्षित आहे, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा निदान वीसपट स्वच्छ असावी. येथे वरच्या उदाहरणाकडे परत जाऊन एका फवारणीचा हिशेब करता येतो. बूथमध्ये दर घनमीटरला १ मिलिग्रॅम धुके असताना पेंटरने व्हायझर घालून २० मिनिटे फवारणी केली, तर आत त्याच्या श्वासात ०.०५ मिलिग्रॅमची हवा येते आणि तीव्रतेला मिनिटांनी गुणले असता त्याच्या वाट्याला १ एकक येते. आता त्याने गन ठेवली, थर कसा बसला आहे ते नीट दिसावे म्हणून व्हायझर कपाळावर सरकवला आणि तेव्हा हवेत जवळपास तेवढेच धुके आहे असे धरले, तर एका मिनिटात त्याच्या वाट्याला पुन्हा तेवढेच १ एकक येते. ब्रिटनच्या १५ मिनिटांच्या मर्यादेचे पूर्ण माप, ०.०७ गुणिले १५, हेही सुमारे १ एककच आहे. म्हणजे व्हायझर उचललेल्या त्या एका मिनिटाने संपूर्ण फवारणीच्या २० मिनिटांइतकी मात्रा दिली आणि अल्पकालीन मर्यादा एकट्याने जवळपास संपवली. चालत्या बूथमध्ये त्या मिनिटात धुके झपाट्याने कमी होत असल्याने प्रत्यक्ष मात्रा कमी भरेल. पंख्याच्या खोलीत ती फारशी कमी होणार नाही. पेंटरांच्या एकूण मात्रेत गनच्या वेळेइतकाच, कधी त्याहून जास्त, वाटा गन थांबल्यानंतरच्या या क्षणांचा असू शकतो, ही या विषयाच्या अभ्यासातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट मानली पाहिजे.

पेंटर व्हायझर का उचलतो याचा विचार त्याला बेजबाबदार ठरवून करता येत नाही. काचेवर ओव्हरस्प्रे बसून ती धूसर झालेली असते, बूथमधले निम्मे दिवे गेलेले असतात, आणि थरातील ओघळ किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा वेळेत दिसला नाही तर सगळे काम पुन्हा करावे लागते. म्हणून काचेवर सोलून टाकण्याजोगी पातळ फिल्म लावणे, ती प्रत्येक गाडीनंतर बदलणे आणि दिवे दुरुस्त करणे यांचा आरोग्याशी थेट संबंध आहे. ब्रिटिश मार्गदर्शनाने सांगितलेला क्रम असा, की फवारणी संपल्यावर पेंटरने व्हायझर उतरवू नये. हवेची नळी जोडलेल्या स्थितीत निर्मलीकरणाचा काळ संपेपर्यंत आत थांबावे किंवा व्हायझर घातलेलाच ठेवून बाहेर जावे, आणि तोवर दुसऱ्या कोणीही मास्कशिवाय आत येऊ नये.

व्हायझरची हवा कॉम्प्रेसरमधून येते, आणि गॅरेजमध्ये तोच कॉम्प्रेसर गनलाही हवा देतो. तेलाचे वंगण वापरणारा कॉम्प्रेसर अतितप्त झाला किंवा त्याचे हवा घेण्याचे तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळ असले, तर व्हायझरमध्ये कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या श्वसनहवेच्या ‘ग्रेड डी’ या प्रतीत त्याची मर्यादा दशलक्षास १० भाग आणि तेलाच्या धुक्याची दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. म्हणून पाणी व तेल काढणारे फिल्टर, कोळशाचा थर आणि दाबनियंत्रक अशी साखळी नळीआधी हवी, आणि गन पूर्ण उघडल्यावर व्हायझरची हवा कमी पडते का हे दाखवणारा सूचक वापरणाऱ्याला दिसेल किंवा ऐकू येईल असा हवा. ज्या गावांत वीज मध्येच जाते तेथे टाकीतील उरलेली हवा किती मिनिटे पुरते हे आधी मोजून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण पंखे आणि कॉम्प्रेसर एकदमच थांबतात आणि पेंटर धुक्याच्या मध्यभागी उभा असतो. एक गोष्ट मात्र आपल्या हवामानात हवा-पुरवठ्याच्या बाजूने आहे : मे महिन्यातल्या दमट उकाड्यात घट्ट रबरी मास्क काढून टाकावासा वाटतो, तर चेहऱ्यावरून वाहणारी हवा सुखकर असते.

त्वचेचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्वचेवर लागलेल्या आयसोसायनेटने संवेदन होऊन नंतर श्वासातून दमा उमटल्याचे दिसले आहे, आणि माणसातही असे घडत असावे असे अनेक संशोधक मानतात. हार्डनर मोजून ओतणे, गन धुणे आणि पुरता न वाळलेला थर घासणे या कामांत पातळ नायट्राइलचे हातमोजे घालून ते फाटताच किंवा भिजताच टाकून देणे हा माफक, पण योग्य उपाय आहे.

एवढी सगळी साखळी, बूथ, फिल्टर, व्हायझर, हातमोजे आणि सवयी, प्रत्यक्षात टिकते की नाही हे कळण्याचा सर्वांत थेट मार्ग पेंटरच्या लघवीतून जातो. शरीरात गेलेल्या एचडीआयचा काही भाग लघवीतून बाहेर पडतो, आणि प्रयोगशाळेत तो आम्लाने विघटित करून हेक्सामिथिलीन डायअमाइन या रूपात मोजता येतो. ब्रिटनने यासाठी दर मोल क्रिएटिनिनमागे १ मायक्रोमोल असे मार्गदर्शक मूल्य ठरवले आहे; क्रिएटिनिनशी गुणोत्तर घेतात ते लघवी पातळ-घट्ट असण्याचा फरक निघून जावा म्हणून. हा पदार्थ काही तासांतच शरीराबाहेर जात असल्याने नमुना फवारणी संपल्यावर लगेच, घरी जाण्याआधी घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी घेतलेला नमुना, जो इतर तपासण्यांत चांगला समजला जातो, येथे खोटा दिलासा देतो. ब्रिटनमध्ये पेंटरांसाठी धुराच्या प्रात्यक्षिकांसह जाणीवजागृतीचे कार्यक्रम झाल्यानंतर या नमुन्यांतील पातळ्या खाली आल्याचे आढळले. मूल्य जास्त आले तर त्याचा अर्थ पेंटर आजारी आहे असा होत नाही, साखळीत कोठेतरी भगदाड आहे असा होतो, आणि त्याच दिवशी कोणी केव्हा व्हायझर उचलला हे आठवत असताना ते शोधता येते. या चाचणीलाही मर्यादा आहे. हार्डनरमधील मुख्य जोडरेणू शरीरात सहज तुटून हे डायअमाइन देत नाहीत, त्यामुळे चाचणीत मुख्यतः सुट्या एचडीआयचेच प्रतिबिंब पडते. सुटा रेणू आणि जोडरेणू एकाच धुक्यातून येत असल्याने ती खूण म्हणून उपयोगी ठरते. जोडरेणूंसाठी स्वतंत्र चाचण्या अमेरिकेत विकसित झाल्या आहेत, पण त्या अजून संशोधनाच्या वर्तुळातच आहेत.

लघवीची चाचणी मात्रा सांगते, रोग सांगत नाही. त्यासाठी वैद्यकीय देखरेख लागते आणि ती कामावर घेतानाच सुरू व्हावी लागते, म्हणजे पुढे तुलना करायला मूळ आकडे हाताशी राहतात. प्रश्नावली आणि स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून एका सेकंदात किती हवा बाहेर पडते याचे मापन, पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा आणि त्यानंतर दरवर्षी करण्याची पद्धत आहे. सुरुवातीला अधिक वेळा, कारण बरेच रोगी कामाच्या पहिल्या काही वर्षांतच संवेदित होतात. नुसत्या स्पायरोमेट्रीवर विसंबून चालत नाही, कारण दम्याचा रोगी सकाळी अकरा वाजता दवाखान्यात फुंकताना अगदी सामान्य आकडे देऊ शकतो. ‘रात्री खोकला येतो का, सुटीत कमी होतो का’ या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे अनेकदा यंत्रापेक्षा आधी रोग पकडतात, आणि प्रामाणिकपणा येथे पेंटरच्या स्वभावावर नव्हे, नोकरी जाण्याच्या भीतीवर अवलंबून असतो. म्हणून मालकाला फक्त ‘फवारणीस योग्य’ किंवा ‘अयोग्य’ एवढाच निष्कर्ष कळावा आणि बाकी तपशील डॉक्टरांकडे राहावा, ही तरतूद केवळ शिष्टाचाराची नाही. तिच्याशिवाय देखरेख आंधळी होते.

संशय आल्यावर पीक-फ्लो मीटर नावाचे हातात मावणारे साधन सर्वांत कामाचे ठरते. पेंटरने दिवसातून किमान चार वेळा, शक्य तर दर दोन तासांनी, तीन-चार आठवडे, कामाचे आणि सुटीचे दोन्ही दिवस धरून फुंकून आकडे लिहायचे. कामाच्या दिवशी आलेख खाली घसरतो आणि सुटीत वर येतो का, हे पाहिले की कामाशी असलेला संबंध बराच स्पष्ट होतो. रक्तातील एचडीआयविरोधी आयजीई प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आली तर महत्त्वाची, पण ती बहुसंख्य रोग्यांत नकारात्मकच येते, म्हणून नकारात्मक अहवालावरून कोणाला परत बूथमध्ये पाठवणे धोक्याचे आहे. थोड्या पेंटरांत दम्याऐवजी ताप, अंगदुखी आणि धाप अशा रूपात फुप्फुसदाह होतो, तो फ्लू म्हणून सहज सोडून दिला जातो.

भारतात आयसोसायनेट विषबाधा हा कारखान्यांनी सूचना देणे कायद्याने बंधनकारक असलेला रोग आहे, आणि कामगार विम्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत व्यावसायिक दमा आहे. पण ‘कारखाना’ ठरण्यासाठी कामगारांची किमान संख्या लागते, आणि चार-पाच माणसांचे गॅरेज त्याखाली राहते. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या मोठ्या वाहन-कारखान्यांत फवारणी बहुतांशी बंदिस्त जागेत यंत्रमानव करतात. तीच गाडी काही वर्षांनी रंगकामाला जाते ती गल्लीतल्या शेडमध्ये, माणसाच्या हाताखाली. त्याहून दुर्लक्षित क्षेत्र घरसजावटीचे आहे. फ्लॅटमधील कपाटांना आणि दारांना पीयू पॉलिश चढवताना कारागीर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद करून बेडरूममध्ये गन चालवतात. लाकडाच्या हार्डनरमध्ये पुष्कळदा टोल्युइन डायआयसोसायनेट असतो, जो एचडीआयप्रमाणेच दमा घडवतो. तेथे बूथ नाही, पंखाही नाही, आणि वरच्या हिशेबातला निर्मलीकरणकाळ खिडकी कोणी केव्हा उघडतो यावर ठरतो. शक्य तेथे पल्ले आणि दारे कार्यशाळेत, बूथमध्ये फवारून मग घरी बसवणे हा येथला खरा उपाय आहे.

निदान पक्के झाल्यावर काय करायचे याबद्दल वैद्यकीय साहित्यात फारसे दुमत नाही : आयसोसायनेटचा संपर्क पूर्ण थांबवणे. मास्क बदलून, बूथ सुधारून किंवा फवारणी अर्धी करून संवेदित पेंटरला त्याच कामावर ठेवण्याचे प्रयत्न बहुधा फसतात, कारण त्याला आता मर्यादेच्या कितीतरी खालची हवाही पुरते. लक्षणे सुरू झाल्यापासून लवकर दूर झालेल्यांची प्रकृती अधिक सुधारते, तरी निम्म्याहून अधिक रोग्यांत संपर्क थांबल्यानंतरही दमा काही अंशी राहतोच. लहान गॅरेजमध्ये अशा पेंटरला ‘आता तू डेंटिंग कर’ असे सांगितले जाते. ही तडजोड तेव्हाच खरी ठरते जेव्हा त्या शेडमध्ये गन चालते ती उण्या दाबाच्या, धुराने तपासलेल्या बूथमध्येच चालते आणि बंपरच्या एका कोपऱ्याचे टच-अप कोणी बाहेर उभ्या उभ्या करत नाही. अन्यथा त्याला रंगवणीची मिसळण आणि संगणकावर छटा जुळवण्याचे काम दुसऱ्या इमारतीत देणे, किंवा आयसोसायनेट न वापरणारे दुसरे गॅरेज शोधण्यास मदत करणे, हेच उरते. मिसळण दिली तर तीही हार्डनर वगळून, फक्त रंगाच्या डब्यापुरतीच द्यावी लागते.